दोन शिखरं दिसली, पण अणू दिसला का? व्हॅक्यूम रॅबी स्प्लिटिंगवरचा प्रकल्प करताना

एप्रिलच्या शेवटी माझा एम.एस्सी.चा प्रकल्प एकदाचा जमा झाला. विषय होता एका कॅव्हिटीतल्या प्रकाशाच्या एकाच मोडशी जोडलेला द्विस्तरीय अणू. सुरुवातीला पुस्तकातली दोन पानं वाचून विषय सोपा वाटतो आणि प्रत्यक्ष आकडे घालायला बसलं की कुठून धरावं ते कळत नाही. पुढच्या वर्षी कुणी हाच विषय घेणार असेल तर त्याला वाट थोडी ओळखीची वाटावी, म्हणून घडलं तसं लिहून ठेवतो आहे.

ऑक्टोबरमध्ये प्रस्तावाचा अर्ज भरायचा होता. त्यात ‘अपेक्षित निष्पत्ती’ असा एक रकाना असतो. मी तिथे लिहिलं होतं: ‘स्पेक्ट्रममधली दोन शिखरं काढून अणू आणि प्रकाश यांच्या जोडणीचं क्वांटम स्वरूप दाखवणं.’ मार्गदर्शक मॅडमनी सही करण्याआधी त्या वाक्यातल्या ‘क्वांटम स्वरूप’ या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि म्हणाल्या, “शिखरं काढ, ती येतीलच. पण ती आल्यावर मला सांग, ती बघून तुला आत अणू आहे हे कसं कळलं?” वाक्य त्यांनी बदलायला लावलं नाही. ती रेघ मात्र पुढचे सगळे महिने डोळ्यांसमोर होती.

दुसरी सूचना अशी की मनाने आकडे घ्यायचे नाहीत, खऱ्या प्रयोगातले घ्यायचे. मी येल विद्यापीठातला २००४ सालचा प्रयोग निवडला. त्यात अणूच्या जागी अतिवाहक पदार्थाचं छोटं सर्किट होतं, म्हणजे कृत्रिम अणू, आणि कॅव्हिटी म्हणून चिपवरचा मायक्रोवेव्ह रेझोनेटर. रेझोनेटरची वारंवारता ६.०४४ गिगाहर्ट्झ, दोन शिखरांमधलं अंतर ११.६ मेगाहर्ट्झ, रेझोनेटरची गळती ०.८ आणि अणूची ०.७ मेगाहर्ट्झ. हे तीन-चार आकडे एका कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवले. प्रकल्पाचं अख्खं गणित तेवढ्यावरच उभं राहिलं.

समितीची मंजुरी यायला बराच वेळ लागला. त्या काळात संगणकाला हात लावला नाही, सगळं कागदावर केलं, आणि माझ्या मते हा वेळ सर्वांत कारणी लागला. जेन्स आणि कमिंग्ज यांनी १९६३ साली मांडलेलं मॉडेल मुळात फार काटकसरीचं आहे. अणूला दोनच पातळ्या, खालची g आणि वरची e. प्रकाशाचा एकच मोड, त्यात n फोटॉन. अणू वरून खाली आला की मोडमध्ये एक फोटॉन वाढतो, अणू वर गेला की एक कमी होतो. दुसरं काही घडतच नाही. त्यामुळे |e,n⟩ या अवस्थेचा संबंध फक्त |g,n+1⟩ शी येतो, आणि अनंत मोठा प्रश्न दोन-दोन अवस्थांच्या सुट्या जोड्यांमध्ये फुटतो. प्रत्येक जोडीसाठी एक २×२ मॅट्रिक्स, आणि अणूची व मोडची वारंवारता सारखी असेल तर तिची उत्तरं मूळ ऊर्जेपासून ±g√(n+1) इतकी सरकलेली. इथला g म्हणजे अणू आणि मोड यांच्यातल्या जोडणीचा जोर, खालच्या पातळीचं नाव नव्हे.

आता n = 0 घाला. मोडमध्ये एकही फोटॉन नाही, तरी विभाजन 2g इतकं उरतंच. नावातला ‘व्हॅक्यूम’ हाच. फोटॉन निर्माण करणारा ऑपरेटर √(n+1) हा गुणक घेऊन येतो, आणि रिकाम्या मोडवर तो १ असतो, शून्य नाही. म्हणून उत्तेजित अणू रिकाम्या कॅव्हिटीत ठेवला तरी देवाणघेवाण सुरू होते. अणू वरच्या पातळीत सापडण्याची शक्यता cos²(gt) प्रमाणे खाली-वर होते.

इथे जोडणीचा आकडा ५.८ मेगाहर्ट्झ. हिशेब केला तर ऊर्जा अणूतून मोडमध्ये जायला सुमारे ४३ नॅनोसेकंद आणि परत अणूत यायला एकूण ८६ नॅनोसेकंद लागतात. पण गळतीही आहेच. उत्तेजन अर्धा वेळ फोटॉनच्या रूपात आणि अर्धा वेळ अणूत असतं, म्हणून त्याचा ऱ्हास दोन्ही गळतींच्या सरासरीने होतो: ०.७५ मेगाहर्ट्झ. म्हणजे त्याचं आयुष्य सुमारे २१२ नॅनोसेकंद. त्यात जेमतेम अडीच फेऱ्या होतात. हा आकडा हाताशी आला तेव्हा मला पहिल्यांदा त्या प्रयोगाची नजाकत कळली. ‘प्रबळ जोडणी’ म्हणजे हीच अट: गळून जाण्याआधी ऊर्जेला परत यायची सवड मिळाली पाहिजे. स्पेक्ट्रमच्या भाषेत बोलायचं तर शिखरांमधलं ११.६ चं अंतर त्यांच्या ०.७५ च्या रुंदीपेक्षा भरपूर मोठं हवं.

संगणकाकडे वळण्याआधी एक गोष्ट तपासून घ्याच. प्रत्येक गट जोडणी g, कॅव्हिटीची गळती κ आणि अणूची गळती γ हे आकडे आपापल्या पद्धतीने देतो. काही जण पूर्ण रुंदी देतात, म्हणजे ऊर्जेच्या ऱ्हासाचा दर. काही जण अर्धी रुंदी देतात, म्हणजे विद्युतक्षेत्राच्या ऱ्हासाचा. कॅलटेकमध्ये २००४ सालीच कॅव्हिटीत पकडून ठेवलेल्या एकट्या सीझियम अणूवर असाच प्रयोग झाला, आणि त्यातले आकडे (३४, ४.१, २.६) मेगाहर्ट्झ असे दिलेले असतात. यातले शेवटचे दोन अर्ध्या रुंदीचे आहेत. सीझियमच्या त्या रेषेची पूर्ण रुंदी ५.२ मेगाहर्ट्झ आहे, त्यावरून ते ओळखता येतं. खाली दिलेल्या कोडमध्ये ते वापरायचे तर आधी दुप्पट करावे लागतील. येलचे आकडे पूर्ण रुंदीचे, ते तसेच चालतात. शिवाय शिखरांमधलं अंतर 2g असतं, त्यामुळे ११.६ हा आकडा थेट g म्हणून घालायचा नाही.

डिसेंबरमध्ये मंजुरी आली. पायथनमधली `qutip` ही लायब्ररी मोफत आहे आणि एवढ्या कामाला साधा लॅपटॉप पुरतो. संगणक केंद्रातल्या मोठ्या मशीनसाठी अर्ज करायची गरज पडत नाही. आमच्याकडे त्या अर्जाला तीन सह्या लागतात, तेव्हा उगाच करू नका. गाभ्याचं कोड एवढंच:

```python
import numpy as np
from qutip import *

N = 10
g, kappa, gamma = [2*np.pi*x for x in (5.8, 0.8, 0.7)]
a  = tensor(destroy(N), qeye(2))
sm = tensor(qeye(N), destroy(2))

def run(d, eps):
    H = (-d*(a.dag()*a + sm.dag()*sm)
         + g*(a.dag()*sm + a*sm.dag())
         + eps*(a + a.dag()))
    c = [np.sqrt(kappa)*a, np.sqrt(gamma)*sm]
    rho = steadystate(H, c)
    return expect(a.dag()*a, rho), abs(expect(a, rho))**2
```

`d` म्हणजे बाहेरून सोडलेल्या लहरीची वारंवारता कॅव्हिटीच्या वारंवारतेपेक्षा किती वर आहे ते, तेही 2π ने गुणून. `eps` हा ड्राइव्हचा जोर. मेगाहर्ट्झला 2π ने गुणलं की वेळ आपोआप मायक्रोसेकंदात येते. अणूसाठी मी `destroy(2)` वापरला, कारण त्यात `basis(2,0)` खालची पातळी राहते. याच लायब्ररीतला `sigmam()` नेमकं उलट धरतो, त्यात `basis(2,0)` वरची पातळी असते. दोन्ही एका फाइलमध्ये मिसळू नका.

ड्राइव्ह अगदी हलका ठेवला, `eps = 0.05*kappa`. एवढ्या ड्राइव्हने रिकाम्या कॅव्हिटीत सरासरी ०.०१ फोटॉन असतो. `d` मागे-पुढे सरकवत आलेख काढला आणि +५.८ व −५.८ वर दोन सुरेख शिखरं उभी राहिली. त्या रात्री मी आलेखाकडे बराच वेळ नुसता बघत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी तोच आलेख कागदावरच्या सूत्राशी पडताळला. हलक्या ड्राइव्हसाठी सूत्र हाताने निघतं, आणि ते दोन गोष्टी सांगतं. पहिली म्हणजे शिखरांची उंची. दोन शिखरं झाली म्हणजे प्रत्येक रिकाम्या कॅव्हिटीच्या शिखराच्या निम्मं असेल असं वाटतं, पण ते खरं नाही. उंचीचं गुणोत्तर κ²/(κ+γ)² असतं, इथे ०.२८. काही ऊर्जा अणूच्या वाटेने बाहेर गेलेली असते, ती डिटेक्टरपर्यंत पोचतच नाही. दुसरी गोष्ट मध्यभागाची. रिकामी कॅव्हिटी जिथे सर्वांत जास्त प्रकाश सोडते, नेमक्या त्याच वारंवारतेला अणू असताना तीव्रता सुमारे ५८,००० पटीने घटते. एकटा अणू जवळजवळ पूर्ण दार बंद करतो! कोडमधून आलेले दोन्ही आकडे सूत्राशी जुळले, आणि मगच मी आलेख घेऊन मॅडमकडे गेलो.

त्यांनी आलेख पाहिला, चांगला म्हणाल्या, आणि लगेच, “आता अणू काढून त्या जागी दुसरा ऑसिलेटर ठेव.” म्हणजे कोडमध्ये `destroy(2)` च्या जागी `destroy(N)`, मोडच्या बाजूच्या `qeye(2)` च्या जागी `qeye(N)`, बाकी सगळं तसंच. इथे एक व्यावहारिक सूचना: दोन्हीकडे N = 10 घेतलं तर मॅट्रिक्स फार मोठी होते आणि लॅपटॉप अडखळतो. ड्राइव्ह हलका असताना N = 4 सहज पुरतं.

नवी रेष जुन्या रेषेवर तंतोतंत बसली. दोन शिखरं त्याच जागी, तीच उंची, तीच रुंदी, मधला खड्डाही तोच. एका दोरीला टांगलेले दोन सारखे लंबक जसे आळीपाळीने झुलतात आणि त्यांच्या एकत्रित हालचालीला दोन वारंवारता मिळतात, तेवढ्याच गोष्टीतून हा अख्खा आलेख निघत होता. त्यात ना द्विस्तरीय अणू लागला ना फोटॉन. नंतर शोधल्यावर कळलं की १९९० सालीच हा मुद्दा छापून आला होता: अणूला अभिजात ऑसिलेटर धरून साध्या प्रकाशशास्त्रानेही हे विभाजन मिळतं.

मला त्या आठवड्यात खरंच उदास वाटलं. प्रस्तावातलं वाक्य हातातून निसटल्यासारखं झालं. पण कारण शोधायला बसलो तेव्हा चित्र निवळलं. हलक्या ड्राइव्हमध्ये कॅव्हिटी आणि अणू यांच्यात मिळून फार तर एकच उत्तेजन असतं. द्विस्तरीय अणू आणि ऑसिलेटर यांच्यात फरक कशाचा? ऑसिलेटरमध्ये एकावर दुसरं उत्तेजन चढवता येतं, अणूत येत नाही. मग एकच उत्तेजन देऊन दोघांना वेगळं ओळखायचं कसं? ती विचारणाच त्या मोजमापात नाही. शिखरं एवढंच सांगतात की देवाणघेवाण गळतीपेक्षा जलद आहे. आत काय बसलंय ते विचारायचं तर दुसरं उत्तेजन आत ढकलावं लागतं.

म्हणून जानेवारी-फेब्रुवारी ड्राइव्ह वाढवण्यात गेले. ऑसिलेटरच्या बाबतीत काही घडत नाही, अख्खा आलेख आकार न बदलता फक्त उंच होतो. हे सूत्रावरूनच कळतं, त्यासाठी संगणक तापवायची गरज नाही. अणूच्या बाबतीत मात्र तीन गोष्टी एकामागून एक दिसतात.

आधी शिखर बसकं होतं. सर्वांत खालच्या अवस्थेतून −५.८ च्या अवस्थेत जाणं हे स्वतःच एका द्विस्तरीय प्रणालीसारखं वागतं, कारण त्याच्यावरची पायरी समान अंतरावर नाही. तिथे निम्म्यापेक्षा जास्त वस्ती चढत नाही, आणि त्या अवस्थेत फोटॉनचा वाटा निम्मा. त्यामुळे कितीही जोर लावला तरी हे शिखर सरासरी पाव फोटॉनच्या आसपास अडतं आणि नुसतं रुंद होत जातं. `eps` हा `kappa` इतका केला की ०.७५ ची रुंदी जवळपास १.८ मेगाहर्ट्झ होते.

दुसरी गोष्ट तुम्ही काय मोजता त्यावर अवलंबून आहे, म्हणूनच वरचं फंक्शन दोन आकडे परत देतं. पहिला सरासरी फोटॉन संख्येचा, दुसरा सरासरी क्षेत्राच्या वर्गाचा. हलक्या ड्राइव्हला दोन्ही सारखेच येतात. ड्राइव्ह वाढल्यावर पहिल्यात शिखर फक्त रुंद होतं, दुसऱ्यात मात्र प्रत्येक शिखराच्या मधोमध खाच पडते आणि एकाची दोन होतात. आमच्या आकड्यांना ही खाच रिकाम्या कॅव्हिटीत सुमारे ०.९ फोटॉन असेल इतका ड्राइव्ह झाला की सुरू होते. अणू संपृक्त झाला की बाहेर येणारा प्रकाश लहरीशी ताल धरत नाही, त्यामुळे फोटॉन येत राहतात पण सरासरी क्षेत्र घटतं. मायक्रोवेव्हच्या प्रयोगांत बहुधा क्षेत्रच मोजतात, म्हणून आलेखाच्या अक्षावर नेमकं काय आहे ते लिहिणं फार गरजेचं आहे. चार शिखरं पाहून आत दुसरा अणू आहे असं कुणी समजू नये.

तिसरी गोष्ट मला सर्वांत आवडली. ड्राइव्ह आणखी वाढवला की मुख्य शिखरांच्या आतल्या बाजूला, ±४.१ मेगाहर्ट्झच्या आसपास, आधी खांद्यासारखा फुगवटा येतो आणि पुढे तो वेगळा उठून दिसतो. दुसऱ्या पायरीचं विभाजन ±g√2, म्हणजे ±८.२. तिथे दोन फोटॉन एकदम पोचवायचे तर प्रत्येकाच्या वाट्याला निम्मं, ±४.१. हा √2 जोडलेल्या ऑसिलेटरांत कुठेच नाही. तिथल्या पायऱ्या समान अंतरावर असतात, दोन फोटॉनांची रेष एका फोटॉनच्याच जागी पडते. त्या फुगवट्याने मॅडमच्या पेन्सिलीच्या रेघेला उत्तर दिलं. प्रत्यक्ष प्रयोगातही हे √n चं अंतर झुरिकच्या ईटीएचमधल्या गटाने २००८ साली अतिवाहक सर्किटवर मोजून दाखवलं आहे.

या टप्प्यावर N वर नजर ठेवा. जोराच्या ड्राइव्हला फोटॉनांची संख्या वाढते आणि वरची पायरी छाटली गेली तर खोटे फुगवटेही उठतात. ओळखायची पद्धत सोपी आहे: सर्वांत वरच्या फोटॉन अवस्थेतली वस्ती छापून बघायची, आणि N वाढवून आलेख पुन्हा काढायचा. खरा फुगवटा जागचा हलत नाही.

मार्चमध्ये लेखन झालं. नमुन्यानुसार प्रत्येक आकृतीखाली एकक आणि वापरलेले सर्व आकडे द्यावे लागतात. माझी प्रत पहिल्यांदा परत आली ती एका आकृतीखाली ड्राइव्हचा जोर फोटॉनांमध्ये सांगितला नव्हता म्हणून. ही मागणी रास्तच होती. `eps` चा आकडा वाचणाऱ्याला काही सांगत नाही. रिकाम्या कॅव्हिटीतले फोटॉन, म्हणजे 4·eps²/κ², लगेच कळतात.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी एकच खोल प्रश्न विचारला: “ड्राइव्ह हलकाच ठेवला, पण चिप नीट थंड झाली नाही, तर आलेखात काय दिसेल?” सुदैवाने त्यावर आधी काम झालं होतं. ६.०४४ गिगाहर्ट्झचा फोटॉन तापमानाच्या भाषेत ०.२९ केल्विनचा. चिप १०० मिलिकेल्विनला असेल तर मोडमध्ये सरासरी ०.०६ औष्णिक फोटॉन असतात, ३०० ला ०.६. म्हणजे प्रणाली आधीच कधी पहिल्या पायरीवर असते, आणि तिथून दुसरीवर जाण्याची रेष g(√2−1), म्हणजे ±२.४ मेगाहर्ट्झवर पडते. ती फिकट आणि रुंद असते, आणि तिच्या बदल्यात मुख्य शिखरांची उंची घटते. कोडमध्ये त्यासाठी गळतीच्या यादीत औष्णिक फोटॉन आत येण्याची पदं वाढवावी लागतात, आणि फोटॉन संख्येऐवजी क्षेत्र बघावं लागतं, नाहीतर औष्णिक फोटॉनांचीच सपाट भर आलेख झाकून टाकते. परीक्षकांनी ±२.४ चा आकडा स्वतः कागदावर काढून पाहिला आणि तो भाग परिशिष्ट म्हणून जोडायला सांगितला. ते पान लिहून, त्यावर पुन्हा सह्या घेऊन अंतिम प्रत दिली.